वृद्धाश्रमात टीव्हीवर साप-शिडी: पट पडद्यावर, फासा हातात

आमच्या तालुक्यातल्या वृद्धाश्रमात मी चार वर्षांपासून दर बुधवारी जाते. हॉलमध्ये एका दात्याने दिलेला ४३ इंची टीव्ही आहे. त्यावर सगळ्यांना मिळून काही खेळवता येईल का, या विचाराने सुरुवातीला मी हात हलवून खेळायचं एक कॅमेऱ्यावालं यंत्र कोणाकडून तरी मागून आणलं. पहिल्याच दिवशी ते फसलं. समोर दोन मीटर मोकळी जागा आणि उभा माणूस, एवढं त्या यंत्राला हवं होतं. व्हीलचेअरवर बसलेली आजी कॅमेऱ्याला नीट ओळखूच येईना. चालते-फिरते दोन बाबाजी खेळले, बाकी बारा जण बघत बसले.

त्यानंतर जे जमलं ते फार साधं आहे. टीव्हीवर फक्त पट असतो. फासा खरा असतो, हातात धरायचा, आणि ज्याची पाळी असेल त्याच्याजवळ तो जातो. माणसाने उठून खेळाकडे यायचं नाही. या पद्धतीने आम्ही साप-शिडी खेळतो. ती कशी उभी करायची ते खाली क्रमाने लिहिते. मी ज्या खड्ड्यांत पडले, तेही सांगते.

काय काय लागेल

- टीव्ही, ४० इंचांपेक्षा मोठा, मागे एचडीएमआयची जागा असलेला
- कोणताही चालू लॅपटॉप, माऊससह. त्यावर लिबरऑफिस हवं, ते मोफत मिळतं. एकदा टाकून घेतलं की खेळताना नेट लागत नाही
- पाच मीटर लांब एचडीएमआय केबल आणि ती फरशीला चिकटवायला रुंद चिकटपट्टी
- गादीवाल्याकडून कापून आणलेला फोमचा चौकोनी तुकडा, काळं फेल्ट कापड, सुती खोळ
- एक सूप. हो, धान्य पाखडायचंच
- तीन रंगांच्या कापडी पट्ट्या, घडी करून डब्यात टाकायला
- व्यवस्थापकांची परवानगी आणि परिचारिकेने सांगितलेली रहिवाशांची यादी

१. आधी यादी करा, मग खेळ

परिचारिकेजवळ अर्धा तास बसा आणि प्रत्येकाबद्दल चारच गोष्टी विचारा: कोणता हात चालतो, किती दिसतं, कोणत्या कानाने ऐकू येतं, आणि किती वेळ बसवतं. आजारांची नावं लिहून घ्यायची गरज नाही. "उजवा हात नाही, डावा बरा. डाव्या बाजूने बोलायचं. अर्धा तास." एवढं पुरतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर तेही विचारा. त्या माणसाला खाली वाकायला लावायचं नसतं, म्हणून पडलेला फासा त्याने उचलायचा नाही.

जेवणाची वेळ याच वेळी लिहून घ्या. साखरेचे रुग्ण वेळेवर जेवले पाहिजेत. आमच्याकडे बाराला ताट वाढतात, म्हणून डाव साडेदहाला सुरू करतो आणि काहीही झालं तरी सव्वाअकराला थांबवतो.

२. पट बनवा: शंभर नाही, चाळीस घरांचा

माझी सगळ्यात मोठी चूक शंभर घरांचा पट घेण्याची होती. ४३ इंची टीव्हीची काच साधारण ९५ सेंटीमीटर रुंद आणि ५३ सेंटीमीटर उंच असते. दहा बाय दहाचा चौकोनी पट उंचीत बसवला तर एक घर जेमतेम पाच सेंटीमीटरचं होतं, त्यात आकडाही यायचा आणि सोंगटीही. दोन्ही बाजूंना पडदा रिकामाच राहतो. आजी-बाबाजी डोळे बारीक करून बघायचे आणि थोड्या वेळाने बघणंच सोडून द्यायचे.

टीव्ही आडवा आहे, तर पटही आडवाच करा. आठ घरं आडवी, पाच ओळी, म्हणजे चाळीस घरं. उजवीकडे नववा रकाना "पाळी कोणाची, किती पडले" हे दाखवायला ठेवा. आता प्रत्येक घर दहा सेंटीमीटरच्या आसपास जातं. काचेवर टेप लावून आकडा मोजा, तो तीन सेंटीमीटरपेक्षा लहान नको. साडेतीन मीटरवरून तीन सेंटीमीटरचा आकडा म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तक्त्यावरची ६/३६ ची ओळ. एवढी कमी नजर असलेल्यालाही तो वाचता येतो. त्यापेक्षा मागे कोणाला बसवू नका.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये नऊ रकाने आणि पाच ओळी घ्या. रुंदी आणि उंची पाच-पाच सेंटीमीटर ठेवा आणि `Ctrl+Shift+J` दाबून पडदा पूर्ण भरा. बसत नसेल तर `Ctrl` दाबून माऊसचं चाक फिरवा. आकडे ७२ पॉइंटचे, घराच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवा, सोंगटीला खाली जागा राहते. आकडे देवनागरीत लिहा. आमच्याकडच्या बऱ्याच जणांचं शिक्षण चौथीपर्यंतचं आहे आणि हातात बसलेला आकडा मराठीच आहे. मागचा रंग साईसारखा फिकट ठेवा, पांढराफटक पडदा डोळ्यांवर येतो.

मोजणी खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करा. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, आणि असंच वर. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बाण काढा, नाहीतर वळणावर वाद होतो.

साप आणि शिड्या तिरप्या काढू नका. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. छापील पटावर साप वळणं घेत जातात आणि एकमेकांवरून जातात. अंधुक नजरेला मग शेपूट कुठे आहे ते कळत नाही. मी सगळे सरळ उभे काढले. शिड्या: ३ वरून १४, १० वरून २३, १९ वरून ३०. साप: १२ वरून ५, २७ वरून ११, ३७ वरून २८. वरच्या क्रमाने आकडे घातले तर प्रत्येक जोडी एकाच उभ्या रकान्यात येते आणि कुठेही एकमेकांना छेदत नाही. शेवटच्या घराजवळचा साप मी मुद्दाम नऊच घरं खाली नेणारा ठेवला. जिंकत आलेल्या माणसाला पार तळाला पाठवणारा साप होता तेव्हा एक बाबाजी दोन बुधवार खोलीबाहेरच आले नाहीत.

साप-शिडी काढून झाली की प्रत्येक आकृती निवडून `F4` दाबा आणि `Protect` खाली `Position` वर खूण करा. हे केलं नाही तर सोंगटी सरकवताना साप सरकतो आणि हॉलमध्ये लगेच "फसवलं" असं सुरू होतं. मूळ फाईल जपून ठेवा, खेळायला दर वेळी तिची प्रत काढा.

सोंगट्या नुसत्या रंगाच्या नको. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळा आणि हिरवा एकसारखे दिसू लागतात. म्हणून चित्रं घ्या. आमच्याकडे आंबा, मोर आणि घागर आहेत. आधी एका गटाला कमळ दिलं होतं, पण निवडणुकीचे दिवस होते आणि पहिल्याच डावात चर्चा भलतीकडे गेली. कोणत्याही पक्षाची निशाणी घेऊ नका: घड्याळ, पंजा, मशाल, धनुष्यबाण, काहीच नाही.

३. फासा: मऊ, मोठा, हाताला कळणारा

गादीवाल्याकडे बारा सेंटीमीटर जाडीचा घट्ट फोम मागा आणि सगळ्या बाजू बारा सेंटीमीटरच्या कापून घ्या. वर सुती खोळ शिवा, एका बाजूला बांधायचे बंद लावा म्हणजे काढून धुता येते. ठिपके रंगवू नका, काळ्या फेल्टचे गोल शिवा. दिसत नाही त्यांना ते बोटाने मोजता येतात. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात आली पाहिजे: एकासमोर सहा, दोनासमोर पाच, तीनासमोर चार.

मग हा फासा साठ वेळा टाकून पाहा आणि कागदावर रेघा ओढा. प्रत्येक बाजू दहाच्या आसपास यायला हवी. सात, तेरा चालेल. एखादी बाजू अठरा-वीस वेळा आली तर फोम तिरपा कापला गेलाय किंवा शिवण एका बाजूला जड झालीय. माझ्या पहिल्या फाशाला बंदाची गाठ जड झाली होती, त्यामुळे तिच्या समोरची बाजू सारखी वर यायची. गाठ आत खोचली तेव्हा तो सरळ झाला.

चिंचोके किंवा कवड्याही टाकता येतात, हे मला पुष्कळ जणींनी सांगितलं. त्यांचा हात त्यावर बसलेला आहे, हे खरं. पण चिंचोके फरशीवर सांडतात आणि वॉकरच्या पायाखाली किंवा घसरणाऱ्या चपलेखाली एक चिंचोका आला तरी पुरे. ज्यांना हवेच असतात त्यांना मी कठडा असलेल्या परातीत टाकायला देते.

आता सूप. फासा सुपात ठेवायचा, सूप मांडीवर घ्यायचं आणि एकदा उडवायचं. फासा सुपातच पडतो, कोणाला वाकावं लागत नाही. ज्यांचा हात थरथरतो त्यांना तर हे फारच सोपं जातं. एक आजी आहेत, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. पहिल्या दिवशी मी त्यांच्या वतीने फासा टाकायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "मले टाकू द्या ना. हात एक हाये, पण हाये ना." तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: मदत करणाऱ्याने सुपाची दुसरी कड धरायची, फाशाला हात लावायचा नाही.

४. बैठक

हॉलमध्ये लोक यायच्या आधी व्हीलचेअरच्या जागा ठरवा आणि त्या पहिल्या भरा. आपण नेहमी उलटं करतो. खुर्च्या मांडून टाकतो आणि व्हीलचेअर उरलेल्या जागेत, म्हणजे मागे किंवा दाराशी जातात. अर्धगोल मांडा, टीव्हीपासून अडीच ते साडेतीन मीटरवर. व्हीलचेअर अर्धगोलात मधेमधे ठेवा, ब्रेक लावा, पाय पायपट्टीवर आहेत ना ते पाहा. दोन खुर्च्यांमध्ये एक माणूस सूप घेऊन जाईल एवढी वाट ठेवा. वॉकर आणि काठ्या बाजूला टेकवा. समोर ठेवल्या तर सूप घेऊन जाणाराच अडखळतो.

केबल भिंतीच्या कडेने न्या आणि पूर्ण लांबी चिकटपट्टीने बंद करा. हॉलच्या मधून गेलेली केबल म्हणजे खुब्याचं हाड मोडायची तयारी.

टीव्हीच्या समोर खिडकी असेल तर पडदा ओढा. तुम्ही स्वतः एकदा सगळ्यात कडेच्या व्हीलचेअरवर बसा आणि तिथून पट पाहा. उभ्याने पाहिलं तर काचेवरची चकाकी दिसत नाही, बसल्यावरच दिसते.

खाटेवरच असणाऱ्यांचं काय? आमच्याकडे हॉलला लागून खोली आहे, तिथले एक बाबाजी उठू शकत नाहीत. त्यांना टीव्ही दिसत नाही, म्हणून त्यांच्या गटातला एक जण खाटेशी बसतो आणि सोंगटी कुठे आहे ते सांगतो. सूप पाळीप्रमाणे आत जातं. त्यात वीस सेकंद जास्त जातात, जाऊ द्या.

५. गट

डब्यातून पट्ट्या उचलायला लावा. आपोआप बसू दिलं तर एका खोलीचे, एका गावचे, चालते-फिरते एकत्र बसतात आणि खाटेवरचे, व्हीलचेअरवाले एका गटात उरतात. चिठ्ठीनंतरही एका गटात सगळेच बसून खेळणारे आले, तर दोन पट्ट्या बदलून घ्या.

एका गटात चार-पाच जण ठेवा, तीनपेक्षा जास्त गट नको. हिशेब असा: या पटावर एका गटाला चाळीसपर्यंत जायला बारा ते पंधरा फेक लागतात. तीन गटांच्या मिळून चाळीस-पंचेचाळीस फेका. सूप फिरायला, आकडा सांगायला धरून एका फेकीला चाळीस-पन्नास सेकंद. डाव अर्ध्या-पाऊण तासात होतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला निदान दोन-तीन फेका येतात.

६. डाव

नियम दोनच बदला. सहा पडल्याशिवाय सोंगटी निघत नाही, हा नियम काढून टाका. पाच फेका करूनही सहा न पडण्याची शक्यता शंभरात चाळीस असते, म्हणजे एखादा गट अर्धा वेळ जागेवरच बसून राहतो. दुसरं, चाळीसला बरोबर आकडा लागतो ही अटही नको. चाळीस गाठलं किंवा ओलांडलं की जिंकलं.

मागच्या बुधवारचा एक तुकडा सांगते. चौदा जण होते, त्यात तीन व्हीलचेअर, चार काठी-वॉकरवाले आणि आतले खाटेवरचे बाबाजी. आंबा १५ वर, मोर २४ वर, घागर ३१ वर. फेक आंब्याची, सूप त्या एका हातवाल्या आजींच्या मांडीवर. पडले चार. मी लॅपटॉपवर लगेच सोंगटी हलवली नाही. आधी नवव्या रकान्यात ४ लिहिलं, मग सगळ्यांनी मिळून मोजलं: सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. शिडी! आंबा ३० वर. मोराला तीन पडले, २७ वर साप, खाली ११ वर. "गेलं ना बाप्पा खाली," असं मोराचेच बाबाजी म्हणाले. घागर आतल्या खोलीत गेली, तिथून "सहा" असा आवाज आला, आणि ३७ वरच्या सापाने तिला २८ वर आणलं. दोन मिनिटांत पुढची घागर मागे आणि आंबा पुढे.

ही मोजणी घाई करून टाळू नका. सोंगटी एकदम शेवटच्या घरात उचलून ठेवली तर ज्यांना लवकर दिसत नाही त्यांच्यासाठी ती फक्त गायब होते आणि दुसरीकडे उगवते. एकेक घर सरकवा आणि आवाजात मोजा.

एक बाबाजी आहेत, त्यांना प्रत्येक पाळी आपलीच वाटते. त्यांना समजावून उपयोग नसतो, स्मरण साथ देत नाही. मी त्यांना सूप एका माणसाकडून दुसऱ्याकडे द्यायचं काम दिलंय. सूप प्रत्येक वेळी त्यांच्या हातून जातं आणि ते शांत असतात.

साप-शिडीचं जुनं रूप मोक्षपट. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत. आमच्या वारीला जाणाऱ्या आजींनी हे सांगितल्यावर आम्ही तीन शिड्यांना दान, सेवा, नामस्मरण आणि सापांना लोभ, राग, चहाडी अशी नावं दिली. ती पडद्यावर शिडी-सापाशेजारी लिहिली. ज्यांना आकडा दिसत नाही त्यांना "चहाडीने खाल्लं" म्हटलं की नेमका कोणता साप ते कळतं.

७. खेळताना येणाऱ्या अडचणी

लॅपटॉप जोडल्यावर टीव्हीवर काहीच येत नसेल तर रिमोटने केबल लावलेली एचडीएमआयची जागा निवडा, मग लॅपटॉपवर `Windows+P` दाबून `Duplicate` घ्या. टीव्हीवर नुसतं लॅपटॉपचं मागचं चित्र दिसत असेल आणि पट दिसत नसेल, तर तिथे `Extend` लागलेलं असतं.

पटाची कड कापली जाते, पहिला रकाना अर्धाच दिसतो, असं झालं तर पटात चूक शोधत बसू नका. टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा खातो. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये चित्राचा आकार बदला. कंपनीप्रमाणे त्याला `Just Scan`, `Screen Fit` किंवा असंच काही नाव असतं.

वीज गेली तर पट जात नाही, कारण तो बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये आहे. जातो तो टीव्ही. इन्व्हर्टरवर टीव्ही जोडलेला नसेल तर लॅपटॉप उचलून अर्धगोलाच्या मधे स्टुलावर ठेवा आणि डाव संपवा. वीज आल्यावर टीव्ही बहुतेक वेळा केबलवर न येता भलत्याच चॅनलवर सुरू होतो, तेव्हा परत एचडीएमआय निवडायचं. दर पाच-सात फेकींनी `Ctrl+S` दाबत जा.

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि हॉलमध्ये मोठा कुलर लागतो. त्याच्या आवाजात कमी ऐकणाऱ्यांना काही कळत नाही. कुलर बंद करून खेळवू नका, एवढ्या उन्हात ते धोक्याचं आहे. डाव सकाळी साडेआठला घ्या, तेव्हा कुलर मंद चालवला तरी भागतं. आणि आकडा तोंडाने सांगतानाच बोटांनी दाखवा. नववा रकाना उन्हाळ्यात सगळ्यात जास्त कामाला येतो.

फोटो काढायचे असतील तर प्रत्येकाला वेगळं विचारा आणि मोबाईलवरच्या गटावर टाकण्याआधी व्यवस्थापकांनाही. काही जणांच्या घरच्यांना गावात माहीत नसतं की ते इथे राहतात.

डाव संपल्यावर फाशाची खोळ काढून धुवायला टाका, दोन खोळी शिवून ठेवल्या तर अडत नाही. फोम ओला करू नका, तो पावसाळ्यात आठ दिवस वाळत नाही आणि वास धरतो. आजचा पट तारीख घालून ठेवा. पुढच्या बुधवारी सगळे आधी हेच विचारतात, मागच्या वेळी घागर कुठे थांबली होती.